गेटासमोरचं सर्कल
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभागृहात केलेल्या भाषणावरून)

सेक्रेटरींनी मला ‘वाहतूक सुरक्षा’ असा भारदस्त विषय दिला होता. मी म्हटलं, मला फक्त आपल्या गेटासमोरच्या सर्कलबद्दल बोलू द्या. मी वर्षानुवर्षं ड्रायव्हिंग शिकवलं, आणि माझा पाय मोडला तो त्याच सर्कलवर!

आपल्या बाजूने सर्कलकडे तोंड करून उभे राहा. डावीकडे बाजाराचा रस्ता, समोर शाळेचा, उजवीकडे स्टेशनचा. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून सर्कलभोवती घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरायचं. स्टेशनला जायचं असलं तरी आधी बाजार, मग शाळा ओलांडायची. घाईत उलटे उजवीकडे घुसणारे दुचाकीवाले आपल्यातही आहेत; नावं घेत नाही.

आत शिरताना थांबायचं कोणी? शिरणाऱ्याने. उजवीकडून फिरत येणाऱ्याचा हक्क पहिला. यामागे शिष्टाचार नाही, हिशेब आहे. आतल्याने बाहेरच्यासाठी गाडी थांबवली, की त्याच्यामागे रांग लागते, ती रांग मागच्या रस्त्याचं तोंड अडवते, मग ज्याला तिथे बाहेर पडायचंय तोही अडकतो आणि सगळं सर्कल गच्च होतं. ब्रिटनमध्ये हे फार व्हायचं. तिथे १९६६ साली उजवीकडच्याला वाट देण्याचा नियम केला, तेव्हा गाठ सुटली. म्हणून कुणाला ‘या, या’ म्हणत सर्कलच्या आत ब्रेक मारू नका. अर्थात सिग्नल किंवा हवालदार असेल, तर त्यांचं ऐकायचं.

आता लेन. आपल्याकडे पट्टे पुसलेले असतात, तेव्हा रस्त्याचे मनातच दोन भाग करायचे. बाजारात किंवा शाळेकडे जायचं असेल तर डावा भाग. स्टेशनला जायचं असेल तर उजवा, म्हणजे मधल्या बागेच्या बाजूचा. आणि हे सर्कलच्या अलीकडेच ठरवायचं, आत शिरल्यावर नव्हे.

स्टेशनला निघालोय असं धरा. उजवा इंडिकेटर द्यायचा, वेग कमी करून दुसरा गिअर टाकायचा, उजवीकडे बघायचं. जागा मिळाली की शिरायचं आणि बागेच्या कडेने फिरायचं. बाजाराचा रस्ता गेला, शाळेचा रस्ता गेला. आता, शाळेचं तोंड ओलांडल्यावर, डावा इंडिकेटर. डावा आरसा बघायचा, खांद्यावरून एक नजर टाकायची, कारण आरशात न दिसणारी स्कूटर नेमकी तिथेच असते. मग डावीकडे सरकत बाहेर. शाळेला जाताना शिरतेवेळी इंडिकेटर नको; बाजाराचा रस्ता ओलांडल्यावर डावा. बाजारात जाताना मात्र सुरुवातीपासून डावाच.

डावा इंडिकेटर कधी द्यायचा, यावरच माझा पाय गेला. मी शाळेकडून घरी येत होतो, स्कूटर तोंडाशी उभी. उजवीकडून एक कार आली, डावा इंडिकेटर चालू. मला वाटलं, ही शाळेच्या रस्त्याला वळणार. मी निघालो. ती वळलीच नाही! तिला स्टेशनला जायचं होतं, इंडिकेटर एक रस्ता आधी लागला होता. माझं पुढचं चाक तिच्या दाराखाली गेलं आणि सहा आठवडे प्लास्टर. गाडी आपल्याच बी विंगमधल्या गृहस्थांची. ते समोर बसलेत, आणि त्यांना विचारूनच सांगतोय. ते पहिल्या दिवसापासून म्हणतात, चूक माझी. मी म्हणतो, अर्धी माझी. हक्क त्यांचा होता, आणि मी एका दिव्याच्या भरवशावर निघालो. तेव्हापासून मी दिवा नाही, पुढची चाकं बघतो. गाडीचा वेग उतरला आणि चाकं खरोखर वळली, तरच निघतो.

उलटी चूकही आहे. इंडिकेटर दिलाच नाही, तर तोंडाशी उभा असलेला उगाच थांबून राहतो आणि त्याच्यामागचे हॉर्न वाजवतात. आपल्या गेटापर्यंत येणारी संध्याकाळची रांग बरीचशी याचीच आहे.

बससोबत मात्र कधी फिरू नका. वळताना तिची मागची चाकं पुढच्यांपेक्षा आत येतात, आणि बाजूची जागा बघता बघता संपते. तिला पुढे जाऊ द्या.

काल एका वहिनींनी विचारलं, उजव्या भागात अडकले आणि स्टेशनचा रस्ता हुकला तर? वहिनी, तिरपी गाडी घालू नका, आत थांबूही नका. डावा इंडिकेटर बंद करा, उजवा द्या, आणखी एक फेरी मारा. नातवंडं मागे असतील, तर ती म्हणतील, आजी, अजून एक!