डब्यावरचा दुसरा आकडा

धसईहून मुरबाडमार्गे कल्याणला निघालेली छोटी हॅचबॅक शहाडच्या पुलाजवळ अडकते. मे महिना, एसी चालू, पहिला-दुसरा गिअर. ‘उन्हाळा आहे, जाड ऑइल टाका’ हा सल्ला गॅरेजात हमखास मिळतो. पण बाहेर ४० अंश असले तरी थर्मोस्टॅट आणि पंखा इंजिनाचे पाणी साधारण ९० अंशांच्या आसपास राखतात.

‘५डब्ल्यू-३०’मधला पहिला आकडा थंडीतल्या प्रवाहीपणाचा, ठाणे जिल्ह्यात तो फारसा कसाला लागत नाही. दुसरा १०० अंशांवरच्या दाटपणाचा, खरी निवड त्याचीच.

गाडीच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-३० दोन्ही चालत असतील, तर अशा रहदारीसाठी ५डब्ल्यू-३० बरे. मंद फिरणाऱ्या इंजिनात ऑइलचा दाब कमी असतो, तिथे थोडा जाड थर उपयोगी पडतो. फक्त ०डब्ल्यू-२० लिहिले असेल, तर तेच घालावे. जुन्या सवयीने २०डब्ल्यू-५० ओतले, तर सकाळी ते वरच्या भागांत उशिरा पोहोचते आणि मायलेजही घटते.

गरम इंजिन आयडलवर असताना ऑइलचा दिवा लुकलुकला, तर इंजिन बंद करून आधी डिपस्टिक पाहावी. पातळी ठीक असेल, तर दाब मोजून घ्यावा. दाट ऑइलने दिवा विझेल, झिजलेले बेअरिंग तसेच राहील.