अध्यक्षांचे मनोगत आणि एका पानाचे पत्र



मार्चअखेर संपलेल्या वर्षाची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घेण्याचे बंधन सहकार कायद्याने घातलेले असल्यामुळे, पावसाळा ओसरू लागला की अमरावती-अकोल्याच्या नागरी बँकांचे अहवाल सभासदांच्या घरोघरी येऊन पडतात. आणि त्यांच्या आरंभी तीन-चार पाने व्यापून बसलेले ‘अध्यक्षांचे मनोगत’ सभासद पाहतो पुष्कळदा, वाचतो क्वचित. त्या मनोगताचे एका पानाचे, निष्कपट आणि वाचनीय पत्र कसे करावे, एवढाच आजचा विषय.

चार पानांतली तीन कापली की एक उरेल, ही समजूत प्रथम सोडावी. कापाकापीने मजकूर आखूड होतो, खरा होत नाही. म्हणून मनोगत बाजूस सारून आधी नफा-तोटा पत्रक आणि त्याखालच्या टिपा उघडाव्यात. समजा, अकोल्याच्या एका कल्पित बँकेचा करपूर्व नफा ९० लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला आहे. मनोगत म्हणते, ‘प्रतिकूल परिस्थितीतही नफ्यात २२ टक्के भरीव वाढ’. विधान अक्षरशः खरे आहे. परंतु टिपांत पाहावे तो यंदा सरकारी रोखे विकून आलेले ७५ लाख त्या नफ्यात मिळालेले, आणि गेल्या वर्षी तसली प्राप्ती मुळीच नव्हती. रोखे एकदाच विकले जातात. तेव्हा कर्ज देणे आणि वसूल करणे, हा जो बँकेचा नित्याचा धंदा, त्याने यंदा ३५ लाखच मिळवले, हीच त्या वर्षाची हकीकत.

थकबाकीचीही तीच गत. १२० कोटींच्या कर्जांपैकी ९ कोटी ६० लाख अनुत्पादित झाले, म्हणजे ढोबळ एनपीए आठ टक्के. त्यापोटी ६ कोटींची तरतूद आधीच केलेली असल्याने ती दोन्हींकडून वजा जाता निव्वळ प्रमाण ३.१६ टक्के उरते, आणि मनोगतात नेमका हाच आकडा ठळक अक्षरांत विराजमान होतो. तरतूद म्हणजे वसुली नव्हे. पूर्वीच्या नफ्यातून बाजूस काढलेला तो सभासदांचाच पैसा आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत, मग कोणीही फसत नाही.

आता पत्राचा आरंभ असा करता येईल: ‘सभासदहो, यंदा नफा १ कोटी १० लाख दिसतो, पण त्यातले ७५ लाख रोखे विकून आले आहेत, ते पुढच्या वर्षी येतील असे धरू नका. नेहमीच्या व्यवहारातला नफा ९० लाखांवरून ३५ लाखांवर उतरला. दर शंभर रुपये कर्जातले आठ रुपये थकले असून त्यांतल्या पाच रुपयांची तरतूद आपण करून ठेवली आहे.’ यानंतर थकबाकी कोणत्या प्रकारच्या कर्जांत साचली, मंजुरी देताना संचालक मंडळाचा अंदाज कोठे चुकला आणि लाभांश का कमी सुचवला, याचा खुलासा झाला की पान भरत येते. दीपप्रज्वलन, सत्कार, शासनाचे आभार यांना अहवालात अन्यत्र मुबलक जागा असते. जे वाक्य शेजारच्या बँकेच्या अहवालात चिकटवले तरी खपून जाईल, ते निर्दयपणे खोडावे.

अशा लेखनाचा नमुना पाहायचा, तर तो एका कापडगिरणीच्या इतिहासात सापडतो, ही गोष्ट बडनेऱ्याची विजय मिल आणि अकोल्याची सावतराम मिल बंद पडलेल्या पाहणाऱ्या वऱ्हाडाने ध्यानी घेण्याजोगी आहे. वॉरेन बफे यांनी १९६५ साली ताब्यात घेतलेल्या बर्कशायर हॅथवेचा कापडव्यवसाय बंद करण्याचा निर्णय जुलै १९८५ मध्ये झाला. भागधारकांना लिहिलेल्या त्या वर्षीच्या पत्रात त्यांनी मजुरांवर वा सरकारवर खापर फोडले नाही. यंत्रसामग्री विकताना काय हाती आले ते सांगितले. १९८१ साली प्रत्येकी ५,००० डॉलरना घेतलेल्या मागांना ५० डॉलरनाही गिऱ्हाईक मिळेना, आणि शेवटी ते २६ डॉलरनी मोडीत गेले. ते उचलून नेण्याचा खर्चही त्याहून अधिक होता. वस्त्रोद्योगाच्या ऱ्हासावर पानेच्या पाने लिहिली असती, तरी भागधारकाला जे उमगले नसते ते या तीन आकड्यांनी उमगते. बफे यांची पत्रे आखूड नसतात, हे मात्र सांगितले पाहिजे. त्यांच्यापासून घ्यायचा तो मोकळेपणा, लांबी नव्हे.

या पत्रालाही मर्यादा आहेत. थकबाकीदाराचे नाव त्यात सहसा घालता येत नाही, कारण ग्राहकाच्या खात्याची गुप्तता बँकेवर बंधनकारक असते; आकडे लेखापरीक्षित ताळेबंदाशी पैशापैशाने जुळले पाहिजेत; आणि कायद्याने मागितलेला अहवाल त्याने रद्द होत नाही, तो मागे जोडावाच लागतो. पत्र साधले की नाही, हे ओळखणे सोपे आहे. कापसाच्या अडतीवर बसणाऱ्या एखाद्या सभासदाला ते वाचायला द्यावे आणि ‘नफा कशाने वाढला?’ एवढे विचारावे. त्याने ‘रोखे विकून’ असे उत्तर दिले, तर मसुदा छापखान्यात धाडण्यास हरकत नाही. ‘सभासदांच्या विश्वासामुळे’ असे उत्तर आले, तर अध्यक्षांनी तो मसुदा फाडून, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना समोर बसवून, टिपांपासून पुन्हा आरंभ करावा.