यादींतील अधिकार आणि हातांतील अधिकार

पेण तालुक्यांतील गागोदे बुद्रुक या गांवाचें नांव महाराष्ट्रास ठाऊक आहे तें विनोबा भावे यांच्यामुळें. ११ सप्टेंबर १८९५ रोजीं त्यांचा जन्म या गांवीं झाला, आणि पुढें ग्रामदानाचा विचार मांडतांना गांवाचा कारभार गांवानेंच पाहावा हें तत्त्व त्यांनीं देशापुढें ठेविलें. आज कायद्याच्या पुस्तकांतही हें तत्त्व मान्य झालेलें दिसतें. परंतु पुस्तकांत दिलेला अधिकार गांवाच्या हातीं खरोखर पोंचतो किंवा नाहीं, हा प्रश्न निराळा आहे. तो नीट समजून घ्यावयाचा तर एकच विषय निवडून त्याच्या मुळापर्यंत गेलें पाहिजे. श्रोतेहो, आजच्या विवेचनासाठीं प्राथमिक शाळेचा विषय घेतला आहे. शाळा सर्वांच्या परिचयाची असल्यामुळें कोणतें काम कोण करतो याचा पडताळा प्रत्येकास आपल्या गांवीं पाहतां येईल.

राज्यघटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्ती १९९२ सालीं संमत झाली व २४ एप्रिल १९९३ पासून अमलांत आली. तिनें घटनेस अकरावी अनुसूची जोडली. या अनुसूचींत पंचायतींकडे सोंपवितां येतील असे २९ विषय दिले असून त्यांतील सतरावा विषय प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण हा आहे. ही यादी वाचणाऱ्याची समजूत अशी होते कीं, शाळा आतां पंचायतींची झाली. परंतु ज्या अनुच्छेदाच्या आधारें ही यादी आली, त्याची शब्दयोजना बारकाईनें पाहण्यासारखी आहे. राज्याचें विधिमंडळ कायद्यानें असे अधिकार पंचायतींस देऊं शकेल, एवढेंच तो अनुच्छेद म्हणतो. दिलेच पाहिजेत असें म्हणत नाहीं. तेव्हां ही अनुसूची म्हणजे दानपत्र नव्हे; काय काय देतां येईल याची ती केवळ टांचण आहे.

दुसरी अडचण याहून खोल आहे. अनुसूचींत विषयांचीं नांवें आहेत, कामांचीं नाहींत. ‘शिक्षण’ हें कांहीं एक काम नव्हे. शाळा कोठें उघडावी, पाठ्यक्रम काय असावा, पुस्तकें कोणीं छापावीं, शिक्षक किती असावेत, ते कोणीं निवडावे, त्यांचा पगार कोणीं द्यावा, त्यांची बदली कोणीं करावी, छप्पर कोणीं शाकारावें, मुलांच्या जेवणावर देखरेख कोणीं ठेवावी, अशीं अनेक निरनिराळीं कामें त्या एका शब्दांत दडलेलीं असतात. विषय फोडून त्यांतील प्रत्येक काम कागदावर उतरवावें, आणि तें राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिति व ग्रामपंचायत यांपैकीं कोणीं करावयाचें हें त्याच्यासमोर लिहावें, या पद्धतीस सरकारी भाषेंत ‘ॲक्टिव्हिटी मॅपिंग’ असें नांव आहे. आपण त्यास कामांचा नकाशा म्हणूं. केंद्रांत पंचायत राज मंत्रालय २००४ सालीं स्थापन झालें. त्याच वर्षीं राज्यांच्या पंचायत मंत्र्यांच्या गोलमेज परिषदा भरल्या व असे नकाशे तयार करण्याचें ठरलें. जें काम खालच्या पायरीवर होण्यासारखें आहे तें वरच्या पायरीवर ठेवूं नये, आणि कामाबरोबर माणसें व पैसाही द्यावा, हें त्यामागील सूत्र होतें.

आतां हा नकाशा एका शाळेस लावून पाहूं. समजा, गागोदे बुद्रुकसारख्या एखाद्या गांवांत चार इयत्तांची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पट साठांच्या आंत आहे आणि शिक्षक दोन आहेत. त्यांतील एकाची बदली झाली व जागा रिकामी राहिली. एकच शिक्षक चारही इयत्ता सांभाळूं लागला. गांवकऱ्यांनीं ग्रामसभा भरवून दुसरा शिक्षक मिळावा असा ठराव केला. या ठरावाचा प्रवास कसा होतो?

मुख्याध्यापक केंद्रप्रमुखांस कळवितात. तेथून कागद पेण येथें गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे व पुढें अलिबागेस शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. शाळेस दोन शिक्षकांची जागा आहे कीं नाहीं, हें ‘संचमान्यता’ या नांवाच्या हिशेबानें ठरतें. तो हिशेब संगणकावर नोंदलेल्या पटावरून, राज्यानें घालून दिलेल्या निकषांप्रमाणें होतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें साठ मुलांपर्यंत दोन शिक्षकांचें प्रमाण सांगितलें आहे. तें केंद्राचें आहे. जागा मंजूर असली तरी माणूस मिळण्यासाठीं राज्यानें घेतलेली परीक्षा व ‘पवित्र’ नांवाची राज्याची संगणकीय व्यवस्था यांची वाट पाहावी लागते. त्या व्यवस्थेंतून नांवें आलीं म्हणजे जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी नेमणुकीच्या हुकुमावर सही करतात. हे अधिकारी राज्य शासनानें पाठविलेले असतात. बदल्यांचीही हीच गत आहे. २०१७ पासून जिल्ह्यांतर्गत बदल्या राज्यानें ठरविलेल्या नियमांनीं व संगणकाच्या साहाय्यानें होऊं लागल्या.

आतां नकाशाच्या कागदावर ‘शिक्षकाची नेमणूक’ या कामासमोर काय लिहावें? ‘जिल्हा परिषद’ असें लिहिलें तर तें खोटें ठरत नाहीं, कारण हुकूम तिच्याच नांवानें निघतो. परंतु किती शिक्षक, कोणते शिक्षक, कधीं, यांपैकीं एकही निर्णय तिचा नसतो. ग्रामसभेचा ठराव तर अर्जाच्याच किंमतीचा राहतो. येथें हस्तांतर झालें तें सहीचें, निर्णयाचें नव्हे.

पैशाची कथाही अशीच आहे. जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकांत शिक्षणाचा आंकडा मोठा दिसतो. पण त्यांतील बहुतेक रक्कम शिक्षकांच्या पगाराची असते व ती राज्याकडून ‘सहेतुक अनुदान’ म्हणून येते. म्हणजे ज्या हेतूनें आली त्याच हेतूसाठीं ती खर्च झाली पाहिजे. पगारांतून एखादा रुपया वांचला तरी तो गळक्या छपराकडे वळवितां येत नाहीं. मोठ्या दुरुस्तीसाठीं जिल्हा नियोजन समितीकडे पाहावें लागतें आणि त्या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. ग्रामपंचायतीच्या कायद्यांत तर ही गोष्ट स्पष्ट शब्दांतच आहे. १९५८ च्या अधिनियमानें ग्रामपंचायतीस कामांची मोठी यादी दिली; परंतु तीं कामें ग्रामनिधींतून होतील तेवढींच करावयाचीं, अशी अटही घातली. यादी दीर्घ आणि निधि अपुरा असला म्हणजे ही अटच कायदा होऊन बसते.

हा प्रकार नवा आहे असें नाहीं. मुंबई प्रांतांत १९२३ च्या कायद्यानें प्राथमिक शिक्षण लोकल बोर्डांच्या स्वाधीन झालें. पुढें कारभारांत तंटे व वशिले वाढल्याची ओरड झाली, आणि १९३८ च्या दुरुस्तीनें शाळांची तपासणी व प्रशासकीय अधिकारी हीं दोन्ही सरकारकडे परत आलीं. १९६१ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा निर्माण केल्या आणि १ मे १९६२ पासून शाळा त्यांच्याकडे आल्या. त्यानंतर परीक्षा, पट व बदल्या एकेक करून पुन्हां वर गेल्या. मात्र प्रत्येक वेळीं यादींतील नांव तसेंच राहिलें. नांव काढून घेतलें तर आरडाओरड होते. काम काढून घेतलें तर तें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

राज्याची बाजूही विचारांत घेतली पाहिजे. बदल्या जिल्ह्यांतच ठरत असत तेव्हां शिक्षकांस पुढाऱ्यांच्या घरीं खेटे घालावे लागत, ही तक्रार निराधार नव्हती. संगणकीय बदल्यांचें अनेक शिक्षकांनीं स्वागत केलें तें याच कारणानें. पाठ्यक्रम गांवागणिक निराळा असावा असेंही कोणी म्हणणार नाहीं. तेव्हां प्रत्येक काम खालीं दिलेंच पाहिजे असा हट्ट नकाशामागें नाहीं. राज्यानें जें ठेवावयाचें तें उघडपणें आपल्या नांवापुढें लिहावें, आणि जें पंचायतीच्या नांवापुढें लिहिलें तें अधिकार व पैसा यांसह द्यावें, एवढीच अपेक्षा आहे. केरळांत प्राथमिक शाळा ग्रामपंचायतींकडे गेल्या तरी शिक्षकांची निवड व पगार राज्याकडेच राहिला. पण इमारती व सोयी यांचें काम पंचायतींचें झालें आणि प्रत्येक पंचायतीच्या वांट्याची रक्कम राज्याच्या अर्थसंकल्पाच्या स्वतंत्र परिशिष्टांत छापली जाऊं लागली. त्यामुळें आपल्या पंचायतीस किती मिळावयाचें हें कोणाही नागरिकास पाहतां येतें. दिलेलें काम लहान होतें. पण तें पुरतें दिलें गेलें.

एखादें काम खरोखर खालीं आलें कीं नाहीं हें ओळखण्यास तीन प्रश्न पुरेसे आहेत. त्या कामाचा पैसा कमीजास्त करण्याचा अधिकार कोणास आहे? तें काम करणारा नोकर रजा, बढती व शिक्षा यांसाठीं कोणाकडे पाहतो? आणि वरून आलेल्या हुकुमास ती संस्था ‘नाहीं’ म्हणूं शकते काय? तिन्ही उत्तरें राज्याच्या बाजूनें आलीं, तर ती संस्था त्या कामाची धनी नव्हे, केवळ मुनीम आहे.

याची एक परीक्षा महाराष्ट्रांत आपोआप झाली. मार्च २०२२ मध्यें रायगडसह राज्यांतील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. निवडणुका वेळेवर झाल्या नाहींत व कारभार प्रशासकांकडे गेला. शिक्षण समितीच्या सभा थांबल्या, सभापतींची दालनें बंद झालीं. तरीही संचमान्यता ठरत राहिली, परीक्षा झाल्या, बदल्यांच्या याद्या निघाल्या आणि पगार निघत राहिले. शाळांचा हा गाडा न अडखळतां चालला याबद्दल समाधान मानतां येईल. परंतु लोकांनीं निवडलेलें मंडळ उठून गेल्यावर ज्या कामांत तिळमात्र फरक पडत नाहीं, तें काम त्या मंडळाकडे कधीं आलेलेंच नव्हतें. गांवाच्या ग्रामसभेनें पुढच्या बैठकींत शाळेचीं कामें एका कागदावर लिहून प्रत्येकासमोर हे तीन प्रश्न विचारावेत. मग आपला ठराव कोणाच्या टेबलावर पोंचला पाहिजे, आणि कोणत्या टेबलावर तो नुसताच पडून राहणार आहे, हें तरी गांवास कळेल.