राजीनाम्यानंतरचे दोन कागद



नोकरी कशी मिळवावी यावर आपल्याकडे बरीच व्याख्यानं होतात. नोकरी सोडल्यावर जुन्या कंपनीकडून दोन कागद कसे मिळवावेत, हा आजचा विषय. पहिला कागद रिलीव्हिंग लेटर, दुसरा एक्स्पीरियन्स लेटर. मी कारखान्यांच्या एचआर विभागात काम केलं, म्हणजे हे कागद देणाऱ्यांच्या बाजूला बसलो. त्या बाजूनं काय दिसतं, ते सांगतो.

हे दोन कागद एकच आहेत असं समजून अनेकजण मागतात, आणि तिथूनच घोळ सुरू होतो. नव्या कंपनीला दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं हवी असतात. हा माणूस आता मोकळा आहे का, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर रिलीव्हिंग लेटर देतं: अमुक तारखेचा राजीनामा मंजूर झाला आणि अमुक तारखेला कामकाज संपल्यावर यांना कार्यमुक्त केलं. दुसरा प्रश्न असा की यानं तिथं किती काळ, कोणत्या पदावर आणि कसलं काम केलं. त्याचं उत्तर एक्स्पीरियन्स लेटरमध्ये असतं. पहिला कागद नव्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात लागतो. दुसरा वीस वर्षांनी व्हिसासाठी किंवा सरकारी भरतीसाठीही लागू शकतो. काही कंपन्या दोन्ही मजकूर एकाच पत्रात देतात. ते चालतं, पण दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत ना, हे पाहून घ्यावं.

आता हक्काचं बोलू. प्रत्येक खासगी नोकरदाराला रिलीव्हिंग लेटर दिलंच पाहिजे, असं एका वाक्यात सांगणारा सर्वांसाठीचा कायदा आपल्याकडे नाही. पण एक जुनी तरतूद लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याखाली केंद्रानं जे नमुना स्थायी आदेश केले, त्यांत कायम कामगाराला सेवा प्रमाणपत्राचा हक्क दिला होता. कधी? बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा निवृत्तीच्या वेळी. बडतर्फ झालेल्यालासुद्धा! याचा अर्थ नीट लक्षात घ्या. सेवा प्रमाणपत्र हे चांगल्या वागणुकीचं बक्षीस नाही, ती घडून गेलेल्या गोष्टीची नोंद आहे. माणूस इतके दिवस इथं होता, हे साहेब नाराज झाले म्हणून खोटं ठरत नाही. त्या तरतुदीत राजीनाम्याचा शब्द नव्हता, आणि ती कामगारांपुरती होती. म्हणून मॅनेजर किंवा सॉफ्टवेअरमधल्या मंडळींची खरी भिस्त आपल्या नेमणूकपत्रावर आणि कंपनीच्या लेखी नियमांवर असते. नेमणूकपत्रातलं शेवटचं पान, जे सही करताना कुणी वाचत नाही, ते राजीनामा लिहिण्याआधी वाचा.

एक उदाहरण तपशिलानं पाहू. समजा, चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात एक तरुण इंजिनिअर आहे. नोटीस पिरियड साठ दिवसांचा. त्यानं १ जूनला राजीनामा दिला, म्हणजे साठावा दिवस ३० जुलै. नवी कंपनी म्हणते, १६ जुलैला या. त्यानं साहेबांना विचारलं, साहेब म्हणाले, "जा रे, काही अडचण नाही." इथं बहुतेकजण निश्चिंत होतात. यानं मात्र त्याच संध्याकाळी मेल केला: आपल्या बोलण्यानुसार माझा शेवटचा दिवस १५ जुलै धरावा, कमी पडणाऱ्या पंधरा दिवसांपैकी नऊ दिवस शिल्लक रजेतून वळते करावेत आणि उरलेल्या सहा दिवसांची रक्कम हिशोबातून कापावी. एचआरनं "मंजूर" असं उत्तर पाठवलं. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद हाच आहे. रिलीव्हिंग लेटर पुढं महिनाभर अडकलं तरी नव्या कंपनीला दाखवायला राजीनामा मंजूर झाल्याचा आणि शेवटची तारीख ठरल्याचा पुरावा हातात असतो. पण हा मेल ऑफिसच्या पत्त्यावर असतो आणि तो पत्ता शेवटच्या संध्याकाळी बंद होतो. म्हणून आपल्या नोकरीसंबंधीचा तेवढाच पत्रव्यवहार आधीच घरच्या पत्त्यावर घ्यावा. कंपनीची इतर कागदपत्रं मात्र चुकूनही नको. तो वेगळा गुन्हा ठरू शकतो.

१६ जुलैला तो रुजू झाला. जुन्या कंपनीकडून पत्र नाही. फोन केला की एकच उत्तर, "फुल अँड फायनल झालं की देतो." आता आतून काय चाललेलं असतं ते सांगतो. एचआरच्या टेबलावर नो ड्यूजचा फॉर्म असतो. त्यावर स्टोअर, आयटी, अकाउंट्स, कँटीन, लायब्ररी, ज्याच्या त्याच्या रकान्यात सही लागते. एक रकाना रिकामा राहिला की फॉर्म ट्रेमध्ये पडून राहतो. त्यात वैर कुणाचंच नसतं, फक्त तो पुढं ढकलायला कुणी नसतं. आपल्या इंजिनिअरचा फॉर्म स्टोअरपाशी अडला होता. त्याच्या नावावर एक व्हर्निअर कॅलिपर निघत होता. तो त्यानं सुपरवायझरच्या हातात दिला होता, रजिस्टरवर जमा नोंद झालीच नव्हती. "माझं पत्र कधी देता?" असं दहा वेळा विचारण्यापेक्षा त्यानं "नेमका कोणता रकाना बाकी आहे?" असं विचारलं आणि दोन दिवसांत गाठ सुटली. म्हणून वस्तू परत करताना पोच घ्या, आणि नो ड्यूजच्या भरलेल्या फॉर्मचा फोटो शेवटच्या दिवशीच काढून ठेवा.

हिशोब बाकी आहे हे कारण आता तसंही लंगडं पडलं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्या माणसाचं देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. ग्रॅच्युइटीची मुदत वेगळी, तीस दिवसांची. पण पगाराचा हिशोब पंचेचाळीस दिवसांनी होतो म्हणून पत्रही पंचेचाळीस दिवसांनी, ही जुनी रीत त्या तरतुदीपुढं टिकत नाही.

मागणीचं पत्र कसं लिहावं? पत्र तयार करणारा एचआरमधला एखादा नवखा मुलगा असतो, आणि त्याला तुमची फाइल शोधायची नसते. त्यामुळं सगळी माहिती त्याच्यासमोर हवी. भाषा कंपनीत चालते ती ठेवा, पण क्रम असा:

"मी आपल्या क्वालिटी विभागात, कर्मचारी क्रमांक अमुक, अमुक तारखेपासून कामाला होतो. १ जूनचा माझा राजीनामा आपण मंजूर केला असून १५ जुलै हा माझा शेवटचा दिवस होता. मंजुरीचा मेल आणि पूर्ण झालेला नो ड्यूज फॉर्म सोबत जोडला आहे. कृपया कार्यमुक्तीचं पत्र आणि पद व कामाच्या स्वरूपासह अनुभवाचं पत्र, दोन्ही कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह अमुक तारखेपर्यंत द्यावीत. काही बाकी असल्यास नेमकं काय ते लेखी कळवावं."

शेवटचं वाक्य सर्वांत कामाचं. त्यामुळं मौन पाळता येत नाही. पत्र तरी द्यावं लागतं नाहीतर कारण. बढती झाली असेल तर पदांचा क्रम तारखांसह मागा, नाहीतर सहा वर्षांनी निघालेला सीनियर इंजिनिअर पत्रात ट्रेनीच राहतो. आणि कंत्राटदारामार्फत काम केलं असेल तर ज्या कंपनीच्या गेटमधून रोज आत गेलात, तिच्याकडं मागून उपयोग नाही. पगार आणि पीएफ ज्याच्या नावानं जमा झाला, त्याच्याच लेटरहेडवर पत्र मिळेल.

पत्र हातात आलं की काम संपलं, असं नाही. आपल्या इंजिनिअरच्या पत्रावर १५ जुलै ही तारीख बरोबर होती. पण पीएफमध्ये कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख महिनाअखेरीची, ३१ जुलै टाकली. नवी नोकरी १६ जुलैची. झालं! सोळा दिवस तो एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरीला. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले सर्वप्रथम हेच पाहतात, कारण पत्र बनावट करता येतं, पीएफची नोंद तशी करता येत नाही. म्हणून नोकरी सोडल्यानंतर महिन्याभरात ईपीएफओच्या पोर्टलवर आपली सर्व्हिस हिस्ट्री उघडून तारीख तपासा. चुकली असेल तर जॉइंट डिक्लेरेशननं दुरुस्त होते, काही वेळा त्याला जुन्या कंपनीची संमती लागते. संबंध ताजे असतानाच ते उरका. कंपनीनं तारीख टाकलीच नसेल, तर शेवटचा भरणा होऊन दोन महिने झाल्यावर पोर्टलवरच्या Mark Exit मधून, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी घेऊन, ती तुम्हाला स्वतःला टाकता येते.

आता कंपनी जाणूनबुजून अडवते तेव्हा. बहुतेकदा मुद्दा नोटीसच्या पैशांचा किंवा बाँडचा असतो. बाँड म्हणजे नुसती धमकी, असं समजू नका. विजया बँकेच्या प्रकरणात एका अधिकाऱ्याला किमान तीन वर्षं नोकरी, नाहीतर दोन लाख रुपये अशी अट होती. त्या अधिकाऱ्यानं निषेध नोंदवून पैसे भरले, दुसऱ्या बँकेत रुजू झाला आणि मग कोर्टात गेला. उच्च न्यायालयात जिंकला, पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती अट वैध ठरवली. त्याचा निकाल विरुद्ध गेला, पण वागण्याचा क्रम शहाणपणाचा होता: भांडण पैशांचं ठेवलं आणि नवी नोकरी अडू दिली नाही. रक्कम मान्य नसेल तर निषेध लिहून भरा, कागद घ्या, वाद नंतर घाला. कामगार या व्याख्येत बसत असाल तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करता येतो; इतरांसाठी वकिलाची नोटीस. अनेकदा प्रकरण त्या नोटिशीवरच मिटतं.

न सांगता नोकरी सोडून गेलेल्यांची गोष्ट वेगळी. कंपनीनं मुक्त केलंच नाही, तर मुक्त केल्याचं पत्र ती कशी देणार? तिथं हट्ट धरू नये. नोटीसची रक्कम भरण्याची तयारी दाखवून निदान रुजू झाल्याची आणि शेवटच्या हजेरीची तारीख असलेलं सेवा प्रमाणपत्र मागावं. आणि कंपनीच बंद पडली असेल तर पगाराच्या स्लिपा, पासबुक, फॉर्म सोळा आणि पीएफची सर्व्हिस हिस्ट्री एकत्र ठेवून नव्या कंपनीला आधीच, विचारण्यापूर्वी सांगावं. आधी सांगितलेली अडचण एचआर समजून घेतं. व्हेरिफिकेशनमध्ये सापडलेली अडचण लपवाछपवी ठरते.

समोर काही उद्योजकही बसलेले दिसतात. त्यांना एवढंच सांगतो. पत्र रोखल्यानं गेलेला माणूस परत येत नाही आणि पैसेही वसूल होत नाहीत. पैशांसाठी दावा करायला पत्र दिल्यानं काही आडकाठी येत नाही. तेव्हा शेवटच्या दिवशी संध्याकाळी नो ड्यूज पूर्ण होताच दोन्ही पत्रं त्याच्या हातात द्या आणि पीएफमध्ये त्याच दिवसाची तारीख टाका. नोकरदारांनी शेवटच्या दिवसापर्यंत थांबूच नये. राजीनामा देता त्याच मेलमध्ये, खालच्या ओळीत, ही दोन्ही पत्रं मागून ठेवा.