पावसाळ्यातील कानदुखी आणि पोहणाऱ्यांचा कान

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानावरून)



कानाच्या विकारांवर चार शब्द सांगावे अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा बहिरेपणापासून चक्कर येण्यापर्यंत पुष्कळ विषय आमच्या डोळ्यांपुढे आले. परंतु तासाभरात सर्व कान उरकण्यापेक्षा एकाच दुखण्याची नीट ओळख करून द्यावी, असे आम्ही ठरविले. मृग नक्षत्र लागल्यापासून नवरात्रापर्यंत आमच्या दवाखान्याच्या बाकावर हे दुखणे हटकून बसलेले असते. इंग्रजीत त्याला ‘स्विमर्स इअर’ म्हणजे पोहणाऱ्यांचा कान म्हणतात. नाव असे असले तरी त्याला पोहता येण्याची अट नाही. श्रावणात रोज डोक्यावरून स्नान करून ओल्या केसांचा अंबाडा बांधणाऱ्या आमच्या मावश्या-काकूंनाही ते तितक्याच आपुलकीने भेटते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. ‘कान दुखतो’ म्हटले की आपल्या मनात कान फुटणे, कान वाहणे हेच येते. ते दुखणे पडद्याच्या आतले; सर्दीपडशानंतर, बहुधा मुलांना होणारे. आज आम्ही सांगतो आहोत ते पडद्याच्या बाहेरचे. कानाच्या तोंडापासून पडद्यापर्यंत जी सुमारे अडीच सेंटीमीटर लांबीची, किंचित वळणदार नळी आहे, तिच्या कातडीचे हे दुखणे होय. ओळखण्याची खूण घरच्या घरी पाहता येते. कानाच्या तोंडापुढे गालाच्या बाजूला जो लहानसा उंचवटा असतो तो बोटाने हळूच दाबावा, किंवा कानाची पाळी वर-मागे ओढावी. त्याने कळ उठली तर दोष बहुधा नळीच्या कातडीत आहे. आतल्या कानाच्या दुखण्यात असे दाबण्या-ओढण्याने सहसा फारसा फरक पडत नाही. तिथे सर्दी, ताप आणि ठणका यांचा मेळ असतो.

आता ही कातडी बिघडते कशी? नळीच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यात मेणासारखा मळ तयार होतो. त्याला आपण मळ म्हणतो हाच मुळी अन्याय आहे. हा पदार्थ पाणी अंगाला लागू देत नाही आणि किंचित आंबट असतो. त्या आंबटपणात जंतूंना व बुरशीला वाढणे कठीण जाते. शिवाय नळीची कातडी आतून बाहेर अशी संथपणे सरकत असते व जुना मळ आपण होऊन तोंडाशी आणून टाकते. म्हणजे झाडणारा, पुसणारा आणि राखणदार असे तिन्ही गडी निसर्गाने फुकट दिलेले आहेत.

पाण्यात फार वेळ राहिल्यावर बोटांची टोके जशी पांढरी व सुरकुतलेली होतात, तशीच गत कानातल्या कातडीची होते. मळ धुऊन जातो, आंबटपणा उतरतो, कातडी फुगून सैल पडते. उन्हाळ्यात हे पाणी वाऱ्याने वाळून जाते. पावसाळ्यात हवाच पाण्याने भिजलेली असल्यामुळे दोरीवरचे धोतर जिथे दोन-दोन दिवस वाळत नाही, तिथे एका टोकाला बंद असलेली ही अरुंद नळी काय वाळणार! मग खाज सुटते. खाज सुटली की हात जवळ असेल त्या वस्तूकडे जातो: केसांतला आकडा, किल्ली, आगपेटीची काडी, आणि अलीकडे कापसाची कांडी. फुगलेल्या कातडीला तिने ओरखडा पडला की जंतूंना दार उघडे मिळते. पाण्यात व ओलीत राहणारा स्यूडोमोनास नावाचा जंतू यात विशेष आघाडीवर असतो. आमच्या अनुभवात नुसत्या पाण्याने आजारी पडलेले कान थोडे. पाणी आणि काडी या जोडीने पाडलेले पुष्कळ.

यावर एक उदाहरण सांगतो, आणि त्यात चूक आमचीच आहे हे आधीच कबूल करतो.

आमच्या परिचयातील एका कुटुंबातला चौदा वर्षांचा मुलगा शर्यतीसाठी पोहण्याचा सराव करीत असे, सकाळी एक तास व सायंकाळी एक तास. जूनच्या अखेरीस त्याच्या उजव्या कानाला खाज सुटली. त्याने ती पेनाच्या टोपणाने भागविली. चौथ्या दिवशी घास चावताना कळ येऊ लागली आणि त्या कुशीवर निजणे अशक्य झाले. आजीने लसूण घालून कढविलेले तेल कोमट करून कानात सोडले. रात्री दुखणे वाढले तेव्हा वडिलांनी आम्हांला फोन केला. आम्ही घाईत होतो. कान न पाहता जंतुनाशक व सूज उतरविणारे औषध एकत्र असलेल्या थेंबांचे नाव सांगितले आणि फोन ठेवला.

थेंबांनी तीन दिवसांत दुखणे उतरले. इथवर आमचा अंदाज बरोबर होता. परंतु थेंब किती दिवस घालावे आणि पाण्यात केव्हा उतरावे, हे आम्ही सांगितलेच नव्हते. मुलगा चौथ्या दिवशी तलावात परतला. बाटली फडताळात राहिली. कान वळवळला की दोन थेंब, असा क्रम तीन आठवडे चालला. पुढे दुखणे नव्हते, पण खाज अशी की मुलगा वर्गात डोके बाकाला घासू लागला, आणि कानात बूच बसल्यासारखे ऐकू येईना. तेव्हा तो आमच्यापुढे आला. आत पाहिले तो भिजलेल्या टीपकागदासारखा राखी लगदा, आणि त्यावर काळे ठिपके. ही बुरशी होती. जंतुनाशक थेंबांनी जंतू मारले, सूज उतरविणाऱ्या औषधाने कातडीचा स्वतःचा प्रतिकार मंदावला, तेलाने व पाण्याने ओल राखली. मोकळ्या झालेल्या शेतात बुरशीने पेरणी केली.

त्यानंतर काय केले ते सविस्तर सांगतो, कारण उपचाराचे मर्म त्यातच आहे. आधी तो लगदा नळीने ओढून कान साफ केला. घाण भरलेल्या कानात कितीही मोलाचे औषध घातले तरी ते कातडीला लागतच नाही. ही सफाई डोळ्यांनी पाहून करावी लागते. पिचकारीने पाणी मारून ती केली तर ज्या ओलीने रोग झाला तीच पुन्हा भरते. मग पडदा शाबूत असल्याची खात्री करून क्लोट्रिमाझोल या बुरशीनाशकाचे थेंब दिले. चार-चार दिवसांच्या अंतराने तीनदा बोलावून पुन्हा सफाई केली. खाज पहिल्या आठवड्यात थांबली, तरी थेंब तीन आठवडे चालू ठेवले. खाज थांबणे म्हणजे बुरशी जाणे नव्हे. तोवर पोहणे बंद, आणि स्नान करताना कापसाच्या बोळ्याला व्हॅसलिन लावून कानाच्या तोंडाशी ठेवणे. कान बरा झाला, पण ऑगस्टमधली शर्यत हुकली. वर्षभर केलेला सराव वाया गेल्याचे त्याच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते पाहिल्यापासून कान न पाहता आम्ही कोणालाही थेंब सांगत नाही.

यावरून थेंबांविषयी ध्यानात घ्यावे ते असे. दुखणारा, सुजलेला कान बहुधा जंतूंचा असतो. त्याला जंतुनाशक थेंब साधारण सात दिवस लागतात आणि दोन-तीन दिवसांत उतार पडू लागतो. तसा न पडल्यास थेंब वाढवू नयेत, कान पुन्हा दाखवावा. नळी सुजेने मिटली असेल तर थेंब आत उतरतच नाहीत. अशा वेळी डॉक्टर आत एक लहान वात सरकवितात व तिच्यावाटे औषध पोहोचवितात. फार खाजणारा, कमी दुखणारा, बूच बसल्यासारखा कान बुरशीचा असण्याचा संभव अधिक. एकाचे औषध दुसऱ्याला बाधते, आणि पडदा फुटका असेल तर काही थेंब आतल्या कानाला अपाय करतात. म्हणून गेल्या वर्षीची बाटली यंदाच्या कानाला वापरू नये.

थेंब घालण्याचीही रीत आहे. बाटली दोन मिनिटे मुठीत धरून कोमट करावी. गार थेंबाने चक्कर येते. दुखरा कान वर करून कुशीवर निजावे. मोठ्या माणसाची पाळी वर व मागे ओढावी, अगदी लहान मुलाची खाली व मागे, म्हणजे वळण सरळ होते. थेंब घातल्यावर कानापुढचा तो उंचवटा हळूहळू दाबून सोडावा आणि तीन ते पाच मिनिटे तसेच पडून राहावे. आमच्या पाहण्यात निम्मे लोक थेंब घालून लगेच उठतात व औषध सदऱ्याच्या गळपट्टीला पाजतात.

येथे वडीलधाऱ्या मंडळींसाठी एक गोष्ट थांबून सांगावयाची आहे. ज्यांना मधुमेह आहे, विशेषतः उतारवयात, त्यांचा असा कान साधा समजू नये. क्वचित प्रसंगी संसर्ग कातडीतून कवटीच्या हाडात शिरतो. रात्री झोपू न देणारे खोल दुखणे, थेंबांनी न हटणारा स्राव, किंवा तोंड एका बाजूला वाकडे होणे, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. अशा माणसाने कानात पाण्याची पिचकारी मारून घेऊ नये.

आता प्रतिबंध. त्या मुलाला आम्ही जे लावून दिले तेच येथे सांगतो. पाण्यातून बाहेर आल्यावर डोके एकेका बाजूला कलवून पाळी निरनिराळ्या दिशांनी ओढावी, म्हणजे अडकलेले पाणी गळते. मग पंचाचे टोक कानाच्या तोंडाशीच टिपावे, आत पिळून घालू नये. घरी केस वाळविण्याचे यंत्र असेल तर ते सर्वांत मंद व कमी उष्णतेवर, कानापासून हातभर दूर धरून एखादे मिनिट हलते ठेवावे. पावसाळ्यात सूर्याचे काम तेच करते. त्यानंतर, ज्याचा पडदा शाबूत आहे अशानेच, पांढरे व्हिनेगर व औषधवाल्याकडील आयसोप्रोपिल अल्कोहोल समभाग मिसळून त्याचे तीन-चार थेंब घालावे व ओतून टाकावे. अल्कोहोल ओल उडविते, व्हिनेगर गेलेला आंबटपणा परत देते. कान आधीच दुखत किंवा सोललेला असेल, पडदा फुटलेला असेल किंवा कानाची शस्त्रक्रिया झाली असेल तर हे मिश्रण वर्ज्य. तेल मात्र कोणत्याही कानात नको. आजीबाईंनी राग मानू नये, डोक्याला हवे तितके चोळावे.

मुलगा पुढील पावसाळ्यातही दोन्ही वेळ पोहला. पिशवीत पंचाबरोबर त्या मिश्रणाची लहान बाटली असे. जुलैमध्ये एकदा खाज आली, तेव्हा त्याने कानात काहीही न घालता त्याच सायंकाळी आमच्याकडे येऊन कान दाखविला. आत थोडी ओलसर लाली होती, एवढेच. चार दिवस तलाव बंद ठेवला आणि पाचव्या दिवशी त्याला पुन्हा पाण्यात उतरू दिले.