सभेत घडले ते आणि वहीत उतरले ते

सभेचे इतिवृत्त कसे लिहावे, यावर मला बोलायला सांगितले आहे. मी सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेच्या समितीचा मी सचिव होतो. १५ जूनच्या सभेचे इतिवृत्त मी असे लिहिले होते :

‘अभ्यासिकेच्या खर्चावरून जोरदार चर्चा झाली. खजिनदारांनी हिशेब देण्यास टाळाटाळ केली. बऱ्याच सदस्यांनी नाराजी व्यक्त केली. वायरिंगची दुरुस्ती लवकरात लवकर करून घ्यावी, असे सर्वानुमते ठरले.’

पुढच्या सभेत हे वाचून दाखवले, तेव्हा खजिनदार आपा उठल्या आणि म्हणाल्या, “मी टाळाटाळ केली? मी तर तारीख दिली होती.” त्यांनी कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. वायरिंगही तसेच होते. ‘करून घ्यावे’ हे सगळ्यांनी ऐकले होते, पण ते कोणी करायचे हे कुठेच नव्हते. संध्याकाळी दिवे लावायची भीती, म्हणून मुले सहा वाजताच घरी जात होती.

इतिवृत्त अजून कायम झाले नव्हते, सहीही व्हायची होती. अध्यक्षांनी मला ते पुन्हा लिहायला सांगितले. मी सभेत केलेली कच्ची टिपणे काढली. त्यात होते : तीन महिन्यांचा खर्च १४,५०० रुपये, त्यापैकी ९,२०० च्या पावत्या हजर, ५,३०० ची इलेक्ट्रिशियनची पावती बाकी, आपा म्हणाल्या शुक्रवारपर्यंत. म्हणजे खरी माहिती माझ्याकडे होती. वहीत मात्र मी माझे मत उतरवले होते.

मग मी एकेक शब्द तपासला. ‘टाळाटाळ’ हा कोणी उच्चारलेला शब्द नव्हता, तो माझा निष्कर्ष होता. ‘बरेच’ म्हणजे प्रत्यक्षात दोन सदस्य, आणि त्यांनी नाराजी नव्हे, लेखी हिशेबाची मागणी केली होती. ‘सर्वानुमते’ हे तर चूकच होते. सात जण हजर होते, सहा बाजूने आणि एक विरोधात. आधी दरपत्रके मागवा, मगच दुरुस्ती ठरवा, असे त्या एकाचे म्हणणे होते. तटस्थ लिहिणे म्हणजे भांडण पुसून टाकणे नव्हे. मतभेद होता, तो आकड्यासह आणि कारणासह लिहायचा, विशेषणाशिवाय.

नवा मसुदा मी तीन भागांत लिहिला.

चर्चा : खजिनदारांनी तीन महिन्यांचा १४,५०० रुपयांचा खर्च मांडला. ९,२०० रुपयांच्या पावत्या सादर केल्या. ५,३०० रुपयांची पावती बाकी असल्याचे सांगितले. दोन सदस्यांनी लेखी हिशेब मागितला.

निर्णय : वायरिंगची दुरुस्ती करावी. बाजूने ६, विरोधात १. विरोधाचे कारण : आधी दरपत्रके मागवावीत.

कामे :
१. बाकी पावती आणणे. जबाबदारी : खजिनदार. मुदत : शुक्रवार, २० जून.
२. दुरुस्ती करून घेणे. जबाबदारी : ठरली नाही. मुदत : ठरली नाही.

दुसऱ्या कामापाशी मी अडलो होतो. एखादे नाव आणि तारीख टाकून द्यावी, असा मोह झाला. पण सभेत न ठरलेले इतिवृत्तात ठरवायचा अधिकार सचिवाला नसतो. म्हणून ‘ठरली नाही’ असेच लिहिले आणि अध्यक्षांना दाखवले. त्यांनी तो विषय त्याच दिवशी पुन्हा घेतला. जबाबदारी सहसचिवांकडे गेली, मुदत दहा दिवसांची ठरली. हे मात्र नव्या सभेच्या इतिवृत्तात लिहिले, जुन्यात घुसडले नाही. मदतीला दोघे जाणार होते, तरी नाव एकच लिहिले. दोन नावे लिहिली की प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो.

मसुदा आपांना दाखवला. त्यांनी आणखी एक चूक काढली. “पावती आणीन असे मी म्हटलेच नव्हते. इलेक्ट्रिशियनकडे मागेन, नाही मिळाली तर शुक्रवारपर्यंत लेखी कळवीन, असे म्हटले होते.” टिपण पाहिले, तर तिथे फक्त ‘शुक्रवारपर्यंत’ होते. बाकीचे मी मनाने भरले होते. हजर असलेल्या दोघांना विचारले, त्यांनाही आपांचेच शब्द आठवत होते. मी ओळ बदलली : ‘बाकी पावती मागणे, न मिळाल्यास लेखी कळवणे.’ पावती आणणे त्यांच्या हातात नव्हते, कळवणे होते.

तेव्हापासून मसुदा दोन दिवसांत सगळ्या सदस्यांना पाठवतो, आठवण ताजी असते तोवर. एकदा इतिवृत्त कायम होऊन सही झाली, की जुन्या पानावर खाडाखोड करायची नाही. चूक सापडली तर पुढच्या सभेच्या इतिवृत्तात दुरुस्ती नोंदवायची. आणि पाठवण्यापूर्वी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो : सभेत ज्याच्याशी माझे पटले नाही, तो या पानावर ‘हो, असेच घडले’ म्हणून सही करील का?

आपांनी त्या दिवशी मसुदा दोनदा वाचला, आणि किल्ल्या उचलून पर्समध्ये टाकल्या.