खांद्यावर तुटलेला शाफ्ट



अध्यक्षाने भाषणात उद्योगाच्या भवितव्याबद्दल बोलावे अशी रीत आहे. मी ती आज मोडणार आहे. येताना पिशवीत एक लोखंडाचा तुकडा आणला आहे, तो इथे टेबलावर ठेवतो आणि त्याच्याबद्दलच बोलतो. जळगावच्या एका डाळमिलच्या काउंटर शाफ्टचा हा तुकडा आहे. मिलचे नाव सांगणार नाही, मालक सभागृहात असण्याची शक्यता आहे.

शाफ्ट एन-८ पोलादाचा. मधला भाग ५० मिलिमीटरचा, टोकाकडे बेअरिंगसाठी ४० पर्यंत उतरवलेला. बेअरिंगच्या बाहेर लोंबती पुली आणि तिच्यावर मोटरचे व्ही-पट्टे. वेग मिनिटाला ४०० फेरे. ही व्यवस्था पंधरा हॉर्सपॉवरच्या मोटरवर कित्येक वर्षे बिनतक्रार चालली. मग मालकांनी वीसची मोटर बसवली. पट्टे वाढले, म्हणून पुली रुंद झाली, आणि बेअरिंगच्या मध्यापासून पुलीचा मध्य ११० मिलिमीटरवर होता तो १५० वर गेला. साडेचार महिन्यांनी, भर सीझनमध्ये, पुली शाफ्टच्या टोकासकट खाली आली. मला बोलावले तेव्हा निदान आधीच झाले होते : ‘‘वीस एचपीचा पीळ पेलला नाही साहेब, माल हलका होता.’’

मी म्हटले, आधी तुकडा दाखवा.

पिळाने थकून शाफ्ट तुटला की तुटलेली जागा बहुधा तिरकी, स्क्रूच्या आट्यासारखी फिरलेली दिसते. हा तुकडा करवतीने कापावा तसा आडवा तुटलेला आहे. कडेने पाहा, सगळीकडून बारीक बारीक पायऱ्या आत शिरल्या आहेत. म्हणजे भेग एका जागी सुरू झाली नाही, परिघावर पाच-सहा ठिकाणी एकदम सुरू झाली. तिथून आत गुळगुळीत पट्टा आहे आणि त्यावर तापीचे पाणी ओसरल्यावर वाळूत राहतात तशा वळणदार रेघा. शेवटी मधोमध, रुपयाच्या नाण्याएवढी, खरबरीत जागा. तेवढीच एका झटक्यात तुटली. नाण्याएवढ्या पोलादाने शेवटपर्यंत वीस हॉर्सपॉवर ओढली, म्हणजे माल हलका नव्हता आणि एकूण भारही फार नव्हता. परिघावरच्या एका ओळीत काहीतरी चूक होती. ती ओळ म्हणजे ५० चा व्यास जिथे ४० ला उतरतो तो खांदा.

आता हिशोब करू. पट्ट्यांची एकत्रित ओढ सुमारे ४ किलोन्यूटन, पट्टे जरा जास्तच ताणले होते. तिला १५० मिलिमीटरने गुणले की खांद्याजवळ ६०० न्यूटन-मीटरचा वाक येतो. σ = 32M/πd³ या सूत्राने ४० च्या व्यासावर ९५ मेगापास्कल. साडेसहाशेच्या आसपास तुटणाऱ्या पोलादाला ९५ म्हणजे काहीच नाही, असे वाटते. पण पट्टा एकाच बाजूला ओढतो आणि शाफ्ट फिरतो. त्याच्या अंगावरचा एकच कण आत्ता ओढीत आहे, अर्ध्या फेऱ्यानंतर दाबात, पुन्हा ओढीत. अधिक ९५, उणे ९५, मिनिटाला चारशे वेळा.

बैलगाडीचा आस आठवा. तो फिरत नाही, चाक फिरते. त्याच्यावरचा ताण एकाच बाजूने असतो, धक्क्यांनी थोडा कमी-जास्त होतो इतकेच. भुसावळहून सुटणाऱ्या डब्याचा आस मात्र चाकासोबतच फिरतो, म्हणून त्याचा ताण दर फेऱ्याला उलटतो. युरोपात रेल्वे आल्यावर नेमके हेच आस तुटू लागले. ८ मे १८४२ ला फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि मोठी प्राणहानी झाली. पुढच्याच वर्षी रँकिनने दाखवले की हे आस जिथे व्यास एकदम बदलतो तिथून, कडेकडून आत, हळूहळू तुटतात, आणि तिथे वळण गोल ठेवावे. म्हणजे माझ्या टेबलावरच्या तुकड्याचे निदान १८४३ सालीच झालेले आहे. नंतर प्रशियन रेल्वेत वोलरने वर्षानुवर्षे आस फिरवून तोडले आणि १८७० पर्यंत निष्कर्ष मांडले. ताण कमी करत गेलो की फेरे वाढत जातात, आणि पोलादाच्या बाबतीत एका पातळीखाली कितीही फिरवले तरी तुकडा तुटत नाही. ताण उभ्या अक्षावर आणि फेरे आडव्या अक्षावर मांडले की जी उतरती रेघ शेवटी सपाट होते, ती एस-एन रेघ. तिची सपाट पातळी म्हणजे सहनमर्यादा.

साधारणपणे ही रेघ दहा लाख फेऱ्यांच्या आसपास सपाट होते. आपला शाफ्ट तासाला २४ हजार फेरे घेतो. दहा तासांची पाळी धरली तर दहा लाख फेरे पाचव्या दिवशी पूर्ण होतात. म्हणून काउंटर शाफ्टला ‘किती वर्षे चालेल’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. तो सहनमर्यादेच्या खाली आहे की वर, एवढेच विचारायचे.

मर्यादा काढू. एन-८ ची तुटण्याची ताकद ६२० धरली तर प्रयोगशाळेतल्या चकचकीत बारीक नमुन्याची सहनमर्यादा तिच्या निम्मी, ३१०. आपला शाफ्ट लेथवरून उतरलेला आहे, टूलच्या रेघांसाठी ०.८२ ने गुणा. तो बोटाएवढा नाही, ४० चा आहे, त्यासाठी ०.८४. आणि शंभरातले नव्याण्णव टिकावेत अशी इच्छा असेल तर ०.८१. उरतात १७३.

दुसऱ्या पारड्यात ९५ नाही, कारण खांद्याचा कोपरा. टर्नरने तिथे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा रेडियस ठेवला होता. अशा कोपऱ्यात ताण गर्दी करतो, आणि फेऱ्यांच्या हिशोबात तो दुपटीच्या आसपास धरावा लागतो. म्हणजे १९१. जुन्या मोटरवर पट्ट्यांची ओढ २.८ किलोन्यूटन आणि अंतर ११० होते. तेव्हा कोपऱ्यात ९८ येत होते. कोपरा तेव्हाही तितकाच धारदार होता, फक्त तो माफ होत होता.

इथे एक गंमत सांगतो, कारण तरुण अभियंते संगणकातून ‘आयुष्य’ छापून आणतात. १९१ ला १७३ च्या रेघेवर बसवले तर सुमारे ५ लाख ६० हजार फेरे येतात, म्हणजे २३ तास. तोच हिशोब ०.८१ चा गुणक काढून, म्हणजे शंभरातल्या पन्नासांसाठी केला तर मर्यादा २१३ होते आणि उत्तर येते ‘कधीच तुटणार नाही’. शाफ्ट प्रत्यक्षात साडेचार महिने चालला. रेघ सपाट होत जाते तिथे ताण जरासा हलला की फेरे कुठच्या कुठे जातात. त्या भागात तासांचा आकडा कोणी दिला तर त्यावर विसंबू नका. आमचा शाफ्ट काठावर उभा होता. नव्याने ताणलेले पट्टे, तुंबलेल्या मशीनसकट मोटर चालू करणे, अशा प्रत्येक वेळी तो काठ ओलांडत होता, आणि एकदा भेग पडली की सहनमर्यादा ही गोष्टच उरत नाही.

मग पिळाचे काय? वीस हॉर्सपॉवरचा पीळ ४०० फेऱ्यांना ३५६ न्यूटन-मीटर. तो जवळजवळ स्थिर असतो, फेऱ्यागणिक उलटत नाही. त्याचा समतुल्य ताण येतो ४९. असा स्थिर ताण ‘सरासरी ताण’ म्हणून गुडमनच्या रेघेत घालतात :

σa/Se + σm/Su = 1

४९ भागिले ६२० म्हणजे आठ टक्के. १७३ ची मर्यादा १५९ वर येते. ज्याला सगळ्यांनी दोषी ठरवले त्या पिळाचा वाटा एवढाच.

सरासरी ताणाने खरा घात केला तो दुसऱ्यांदा. सीझन चालू होता, नवा बार मागवायला वेळ नव्हता. तुटलेल्या टोकाच्या जागी दुसरा तुकडा वेल्डिंगने जोडला, बेअरिंगची जागा भरून घेतली, टर्न केली. दिसायला नव्यासारखा. चौथ्या दिवशी पुन्हा तिथेच तुटला. वेल्ड थंड होताना आकसते, भोवतालचे पोलाद तिला आकसू देत नाही, म्हणून ती जागा कायम ओढीत राहते. बाहेरून भार नसतानाही. ही ओढ २५० मेगापास्कल धरली, आणि ती मुळीच अवाजवी नाही, तर गुडमनप्रमाणे १७३ ची मर्यादा १०३ वर घसरते. शिवाय एन-८ मध्ये कार्बन चांगला असतो, आधी न तापवता वेल्ड केले तर कडेला पोलाद कडक होऊन बारीक तडे जातात. बैलगाडीचा आस गावच्या लोहाराने जोडला तर चालून जातो. फिरता शाफ्ट नाही.

दुरुस्ती काय केली? मोठा शाफ्ट, महागडे पोलाद, हे मी सुचवले नाही. रेडियस अर्ध्यावरून ३ मिलिमीटर करायला सांगितले. कोपऱ्याची दुप्पट १.५८ वर येते आणि १९१ चे १५१ होतात. १५९ च्या खाली, पण काठावरच. म्हणून पुलीचा हब उलटा फिरवून तिचा मध्य पुन्हा ११० वर आणला. मग १११. आता श्वास घेता येतो.

हे ऐकल्यावर टर्नरने मला जे सांगितले ते कुठल्याच पुस्तकात एवढ्या थोडक्यात सापडत नाही : ‘‘रेडियस ठेवला तं बेरिंग बसत नही, भाऊ.’’ त्याचे खरे होते. ४० च्या बेअरिंगच्या आतल्या रिंगची कड एक-दीड मिलिमीटरच गोल असते. शाफ्टचा रेडियस तिच्याहून मोठा झाला की बेअरिंग खांद्याला टेकतच नाही, तिरके बसते आणि गरम होते. म्हणून वर्षानुवर्षे तो कोपरा ‘साफ’ करत आला होता, आणि त्याला त्याचे कारण विचारायला आमच्यापैकी कोणी गेले नव्हते. उपाय साधा निघाला. खांदा आणि बेअरिंग यांच्यामध्ये एक कडी, आतली कड ३ मिलिमीटरच्या रेडियसला मोकळी सोडेल इतकी कापलेली. ती कडी त्यानेच उरलेल्या तुकड्यातून तासाभरात काढली.

हा शाफ्ट तुटण्याआधी कळला असता का? कळला असता. सीझन संपल्यावर बेअरिंग काढून खांदा रॉकेलने धुवायचा, कोरडा पुसायचा आणि खडूची पूड लावायची. भेग असेल तर आत शिरलेले रॉकेल अर्ध्या तासात खडूवर ओली रेघ उमटवते. रेल्वे आपल्या आसांना अल्ट्रासॉनिक लावते, आपल्याला खडू पुरतो. फक्त बेअरिंग काढायला हवे, कारण भेग नेमकी त्याच्या आड असते.

तुकडा आता रांगेतून फिरवतो आहे. पायऱ्या मोजा, मला पाच सापडल्या, एकाला सहा. तुटलेल्या जागेवर मात्र बोट लावू नका, घामाने गंज चढतो आणि रेघा पुसल्या जातात. दुपारच्या सत्रात धुळ्याचे मित्र त्यांच्या ऑइल मिलचा असाच एक तुकडा दाखवणार आहेत. तो तिरका तुटलेला आहे, म्हणून त्याची गोष्ट वेगळी.